करन्सी बोर्ड आणि डॉलरीकरण: स्वतःचे पतधोरण सोडून देणाऱ्या देशांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

करन्सी बोर्ड म्हणजे नेमके काय? साध्या स्थिर विनिमय दरापेक्षा ते वेगळे कसे?

अनेक देश आपले चलन डॉलरशी किंवा दुसऱ्या एखाद्या चलनाशी ठरावीक दराने बांधून ठेवतात, पण तो दर ही केवळ मध्यवर्ती बँकेची घोषणा असते आणि उद्या बँक तो बदलू शकते. करन्सी बोर्डात हा दर कायद्यात लिहिलेला असतो आणि त्याला आणखी एक बंधन जोडलेले असते. बाजारात असलेल्या प्रत्येक नोटेमागे तितक्या किमतीचे परकीय चलन गंगाजळीत असलेच पाहिजे, आणि जो कोणी स्थानिक चलन घेऊन येईल त्याला त्या दराने परकीय चलन दिलेच पाहिजे. त्यामुळे नोटा किती छापायच्या हा निर्णय कोणाच्याच हातात उरत नाही. देशात डॉलर आले तर नोटा वाढतात, डॉलर बाहेर गेले तर तितक्याच नोटा चलनातून निघून जातात. सरकारला कर्ज देण्यासाठी किंवा अडचणीतील बँकेला सावरण्यासाठी नवे चलन काढण्याची मुभा काटेकोर करन्सी बोर्डात नसते.

आणि डॉलरीकरण?

डॉलरीकरणात देश एक पाऊल पुढे जातो. तो आपले चलन रद्द करून थेट दुसऱ्या देशाचे चलन कायदेशीर चलन म्हणून स्वीकारतो. पनामाने हे १९०४ मध्ये केले, इक्वेडोरने २००० मध्ये आणि एल साल्वादोरने २००१ मध्ये. यासाठी अमेरिकेची परवानगी लागत नाही, आणि अमेरिकेची मध्यवर्ती बँक व्याजदर ठरवताना या देशांची परिस्थिती विचारातही घेत नाही. लोक आपणहून डॉलरमध्ये बचत करतात आणि घरांचे व्यवहार डॉलरमध्ये करतात, त्यालाही कधी कधी डॉलरीकरण म्हटले जाते, परंतु या लेखात हा शब्द केवळ सरकारने अधिकृतपणे केलेल्या बदलासाठी वापरला आहे.

पतधोरणासारखे महत्त्वाचे साधन कोणताही देश स्वतःहून का सोडेल?

ते साधन वापरणाऱ्यांवरचा लोकांचा विश्वास पूर्णपणे उडालेला असतो म्हणून. अर्जेंटिनात १९८९ या एका वर्षात महागाईचा दर ३,००० टक्क्यांच्या आसपास होता आणि १९९० मध्येही तो २,००० टक्क्यांच्या वर राहिला. सरकारची तूट मध्यवर्ती बँक नोटा छापून भरत होती, आणि या वेळी आम्ही छापणार नाही असे कितीही मंत्र्यांनी सांगितले तरी लोकांना ते पटण्याजोगे काही घडलेले नव्हते. अशा वेळी हात बांधून घेणे हाच विश्वास मिळवण्याचा मार्ग उरतो. राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम आणि अर्थमंत्री दोमिंगो काव्हायो यांनी परिवर्तनीयता कायदा आणला आणि १ एप्रिल १९९१ पासून ऑस्ट्राल या तेव्हाच्या चलनाचा १०,००० ला एक डॉलर हा दर पक्का झाला. १ जानेवारी १९९२ पासून नवा पेसो आला आणि एक पेसो म्हणजे एक डॉलर हे समीकरण दहा वर्षे टिकले. करारांमधील रक्कम महागाईनुसार आपोआप वाढवण्याची पद्धतही याच कायद्याने बंद केली.

महागाईपुरते पाहिले तर यश निर्विवाद होते. १९९४ पर्यंत वार्षिक महागाई चार टक्क्यांच्या जवळपास आली होती. पगार हातात पडताच तो किमती बदलण्याआधी खर्च करून टाकावा लागे, अशा काळातून आलेल्या कुटुंबांसाठी ही फार मोठी गोष्ट होती, आणि पुढे जे झाले त्यामुळे या यशाला कमी लेखणे मला योग्य वाटत नाही.

अर्जेंटिनाची व्यवस्था खरोखर काटेकोर करन्सी बोर्ड होती का?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. कायद्याने नोटांमागील तारणाचा काही भाग, कमाल एक तृतीयांश, अर्जेंटिना सरकारच्याच डॉलरमधील रोख्यांच्या रूपात ठेवायला परवानगी होती. चांगल्या काळात हा भाग किरकोळ वाटतो. पण सरकारवरचा विश्वास डळमळला की त्याच दिवशी या रोख्यांची किंमतही कोसळते, म्हणजे तारणाची गरज सर्वाधिक असते तेव्हाच ते हाताला लागत नाही. दुसरीकडे, ही पळवाट होती म्हणूनच १९९५ मध्ये मध्यवर्ती बँक अडचणीतील बँकांना काही प्रमाणात मदत करू शकली.

प्रत्येक पेसोमागे एक डॉलर असताना बँका अडचणीत कशा येतात?

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. करन्सी बोर्ड हमी देते ती चलनातील नोटांची आणि बँकांनी मध्यवर्ती बँकेत ठेवलेल्या रकमेची. बँकांमधील ठेवींची हमी त्यात येत नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. गंगाजळीत १०० डॉलर आहेत आणि त्यांच्या आधारावर १०० पेसो चलनात आहेत. बँकांनी लोकांच्या ठेवींमधून कर्जे दिली, कर्जदारांनी ज्यांना पैसे दिले त्यांनी ते पुन्हा बँकेत ठेवले, आणि असे होत होत ठेवी ५०० पेसोंवर गेल्या. प्रत्येक ठेवीदाराला वाटते की आपल्या पेसोमागे डॉलर आहे. पण सर्व ठेवीदारांनी एकाच वेळी डॉलर मागितले तर १०० डॉलर संपल्यावर ४०० पेसोंचे दावे शिल्लक राहतात, आणि ते पैसे घरांच्या व कारखान्यांच्या कर्जांत अडकलेले असतात. सामान्य मध्यवर्ती बँक अशा वेळी नवे चलन देऊन वेळ मारून नेते. बोर्डाला ते करता येत नाही.

अर्जेंटिनात २००० च्या अखेरीस नोटा व बँकांच्या राखीव रकमा मिळून सुमारे १५ अब्ज पेसो होते आणि ठेवी ८० अब्जांहून अधिक होत्या. त्यातही निम्म्याहून जास्त ठेवी आणि कर्जे थेट डॉलरमध्ये नोंदलेली होती, जरी कर्जदारांची कमाई पेसोमध्ये होती. डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोने अवमूल्यन केल्यावर या कमकुवतपणाची पहिली चाचणी झाली. काही महिन्यांत अर्जेंटिनातील ठेवी सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या आणि मे १९९५ मध्ये बेरोजगारी १८ टक्क्यांच्या वर गेली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जामुळे व्यवस्था तगली. त्यानंतर बँकांना अधिक रोकड बाळगायला लावली, परदेशी बँकांशी आणीबाणीतील कर्जाचे करारही केले, पण ठेवी आणि गंगाजळी यांतील दरी मिटली नाही, आणि ती मिटवता येण्याजोगीही नव्हती.

मग ही व्यवस्था २००१ मध्ये कशी कोसळली?

सुरुवात बाहेरून झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉलर मजबूत होत गेला आणि त्याला बांधलेला पेसोही महाग होत गेला. अर्जेंटिनाच्या निर्यातीपैकी अमेरिकेकडे जाणारा भाग दहाव्या हिश्शाच्या आसपास होता, तर ब्राझील हा सर्वांत मोठा ग्राहक होता. जानेवारी १९९९ मध्ये ब्राझीलने आपले चलन मोकळे सोडले आणि एका डॉलरला सुमारे १.२ रेआल असलेला दर काही आठवड्यांत दोनच्या जवळ गेला. अर्जेंटिनाचा माल ब्राझीलमध्ये एकाएकी महाग झाला आणि ब्राझीलचा माल अर्जेंटिनात स्वस्त. स्वतःचे चलन असते तर पेसो घसरून हा धक्का काही प्रमाणात पचला असता. आता तो पचवण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे देशांतर्गत वेतन आणि किमती हळूहळू खाली आणणे, आणि या मार्गात बेरोजगारी वर्षानुवर्षे चालते. मंदी १९९८ च्या उत्तरार्धात सुरू झाली आणि २००२ पर्यंत संपली नाही.

त्यात राजकोषीय बाजू होती. करन्सी बोर्ड सरकारला नोटा छापू देत नाही, पण परदेशातून कर्ज घेण्यापासून रोखत नाही. केंद्र सरकार आणि प्रांत दोघेही चांगल्या वर्षांतही कर्ज काढत राहिले. मंदीत करवसुली घटली तेव्हा तूट वाढली, आणि तूट वाढली तसा बाजार अधिक व्याज मागू लागला. जुलै २००१ मध्ये शून्य तुटीचा कायदा करून सरकारी पगार आणि निवृत्तिवेतन १३ टक्क्यांनी कापले गेले. हे मंदीच्या चौथ्या वर्षात झाले. त्याच सुमारास प्रांतांनी कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग स्वतःच्या छापील रोख्यांत द्यायला सुरुवात केली. ब्युनोस आयर्स प्रांताचे ‘पाताकोन’ नावाचे रोखे दुकानांत नोटांसारखे फिरू लागले. नोटा छापण्याची बंदी कागदावर तशीच होती आणि तिच्या बाजूलाच नवे चलन उभे राहत होते.

२००१ या वर्षात बँकांतील सुमारे पाचवा हिस्सा ठेवी निघून गेल्या. १ डिसेंबर २००१ रोजी सरकारने खात्यातून रोख काढण्यावर आठवड्याला २५० पेसोंची मर्यादा घातली. ज्यांची मजुरी रोखीत मिळत होती त्या असंघटित कामगारांचे उत्पन्न यामुळे जवळजवळ थांबले, कारण त्यांना काम देणाऱ्यांच्याच हातात रोकड उरली नाही. १९ आणि २० डिसेंबरला दंगली झाल्या, त्यांत अनेक माणसे मारली गेली, आणि राष्ट्राध्यक्ष फर्नांदो दे ला रुआ यांनी राजीनामा दिला. काही दिवसांत नव्या सरकारने कर्जफेड थांबवल्याचे जाहीर केले आणि ६ जानेवारी २००२ रोजी परिवर्तनीयता कायदा संपला. वर्षाच्या मध्यापर्यंत एका डॉलरला जवळपास चार पेसो मोजावे लागत होते. बँकांतील डॉलर कर्जे एकास एक दराने पेसोत बदलली गेली आणि डॉलर ठेवी १.४० दराने, म्हणजे ठेवीदाराला बाजारभावाच्या तुलनेत मोठा तोटा आणि बँकांना दोन दरांमधल्या फरकाचा खड्डा. २००२ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे ११ टक्क्यांनी आकसली.

धोका आधी ओळखता आला असता का?

बऱ्याच अंशी, होय. एकाच देशातील बँका पेसो कर्जावर आणि डॉलर कर्जावर वेगवेगळे व्याज आकारत होत्या. एक पेसो म्हणजे कायमचा एक डॉलर असेल तर या दोन दरांत फरक असण्याचे कारणच नाही. म्हणून हा फरक म्हणजे कायद्यावरच्या अविश्वासाची रोजची मोजणी होती. शांत काळात तो लहान होता, २००१ मध्ये तो झपाट्याने वाढला. दुसरी खूण म्हणजे लोक पेसो ठेवी मोडून डॉलर ठेवी करू लागणे, आणि तिसरी म्हणजे तारणातील सरकारी रोख्यांचा हिस्सा वाढणे. गंगाजळीचा एकूण आकडा पाहत बसणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही.

इक्वेडोरने डॉलरीकरणाचा मार्ग का निवडला?

तिथे संकट आधी आले आणि धोरण नंतर. १९९९ मध्ये बँका कोलमडल्या, मार्चमध्ये ठेवी गोठवल्या गेल्या, आणि वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला सुमारे ७,००० असलेले तिथले चलन, सुक्रे, वर्षअखेर २०,००० च्या आसपास पोहोचले. ९ जानेवारी २००० रोजी राष्ट्राध्यक्ष हामिल माहुआद यांनी २५,००० सुक्रेला एक डॉलर या दराने डॉलर स्वीकारण्याची घोषणा केली. बाराच दिवसांत त्यांची सत्ता उलथवली गेली, पण पुढच्या सरकारने निर्णय कायम ठेवला आणि सप्टेंबर २००० मध्ये सुक्रे चलनातून बाद झाला.

२५,००० हा आकडा असा निवडला होता की चलनातील सर्व सुक्रे विकत घ्यायला गंगाजळीतले डॉलर पुरतील. तांत्रिकदृष्ट्या ते आवश्यक होते, पण त्याची किंमत लोकांनी मोजली. गोठवलेल्या सुक्रे ठेवींचे मूल्य या दराने फारच थोडे उरले. शिवाय या दराने देशातील वस्तू डॉलरच्या हिशोबात फार स्वस्त ठरल्या, आणि त्या आपल्या पातळीवर येईपर्यंत किमती वाढतच राहिल्या. म्हणून डॉलर आल्यानंतरही २००० मध्ये महागाई ९० टक्क्यांच्या वर होती, २००२ मध्ये ती साधारण १२ टक्क्यांवर आली आणि २००४ मध्ये तीन टक्क्यांच्या खाली गेली. डॉलर स्वीकारताच महागाई थांबते अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी हा प्रवास लक्षात घ्यावा.

डॉलरीकरणात करन्सी बोर्डापेक्षा जास्त काय गमावले जाते?

पहिली गोष्ट म्हणजे चलनछपाईचा नफा. करन्सी बोर्ड गंगाजळीतील डॉलर अमेरिकी रोख्यांत गुंतवते आणि त्यावर व्याज मिळवते, तर तिच्या स्वतःच्या नोटांवर तिला व्याज द्यावे लागत नाही. समजा गंगाजळी १,००० कोटी डॉलर आहे आणि व्याज चार टक्के, तर वर्षाला ४० कोटी डॉलर सरकारी तिजोरीत येतात. डॉलरीकरणात त्याच १,००० कोटी डॉलरच्या नोटा लोकांच्या खिशात असतात, त्यांवर कोणालाही व्याज मिळत नाही, आणि हा फायदा अमेरिकेकडे जातो. फाटक्या नोटा बदलून आणण्याचा खर्चही देशाचाच. इक्वेडोर स्वतःची सेंटाव्हो नाणी काढतो, पण ती सुट्ट्या पैशांपुरतीच असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे बाहेर पडण्याचा दरवाजा. करन्सी बोर्ड एका कायद्याने संपवता येते, आणि ते संपवता येते हे सट्टेबाजांनाही माहीत असते. डॉलरीकरणात अवमूल्यन करण्यासाठी आधी नवे चलन काढून लोकांना ते स्वीकारायला लावावे लागते. हा दरवाजा बंद असणे हेच डॉलरीकरणाचे बलस्थान आहे, कारण अवमूल्यनाच्या भीतीने होणारी पळापळ त्यात जवळपास नाहीशी होते. सरकार कर्ज बुडवेल ही भीती मात्र राहते. इक्वेडोरने २००८ मध्ये डॉलर वापरत असतानाच आपल्या काही रोख्यांची परतफेड थांबवली.

स्वतःचा विनिमय दर नसताना तेलाच्या किमती पडल्या तेव्हा इक्वेडोरने काय केले?

२०१४ नंतर तेल घसरले तेव्हा शेजारच्या कोलंबियाचा पेसो कोसळला आणि तिथला माल इक्वेडोरच्या सीमाभागातील ग्राहकांना स्वस्त पडू लागला. इक्वेडोरने २०१५ मध्ये अनेक आयात वस्तूंवर ४५ टक्क्यांपर्यंत जादा शुल्क लावले. देशाबाहेर डॉलर पाठवण्यावरचा कर तर आधीपासूनच होता, २००८ मध्ये ०.५ टक्क्यावर सुरू होऊन २०११ मध्ये तो पाच टक्क्यांवर नेला होता. एप्रिल २०१६ मधील मोठ्या भूकंपानंतर विक्रीवरील कर १२ वरून १४ टक्क्यांवर न्यावा लागला. विनिमय दराने जे काम एका हालचालीत केले असते ते आयात शुल्क, कर आणि खर्चकपात यांच्या तुकड्यातुकड्यांनी करावे लागले. डॉलर देशात टिकवण्यासाठी तेल, केळी आणि कोळंबीची निर्यात व परदेशात राहणाऱ्या नातलगांचे पैसे यांवरच भिस्त असते.

हाँगकाँगमध्ये करन्सी बोर्डाची व्यवस्था इतकी वर्षे कशी टिकली?

हाँगकाँगचा डॉलर ऑक्टोबर १९८३ पासून एका अमेरिकी डॉलरला ७.८० या दराशी बांधलेला आहे आणि २००५ पासून त्याला ७.७५ ते ७.८५ हा पट्टा दिला आहे. तिथे तीन गोष्टी अर्जेंटिनापेक्षा वेगळ्या होत्या: सरकारकडे कर्जाऐवजी मोठी शिल्लक होती, बँका भक्कम होत्या, आणि भाडी व वेतन खरोखर खाली येऊ शकत होते. किंमत मात्र तिथेही मोजावी लागली. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका दिवशी बँकांमधील एक रात्रीच्या कर्जाचा व्याजदर २८० टक्क्यांवर गेला, आणि त्यानंतर घरांच्या किमती २००३ पर्यंत निम्म्याहून अधिक घसरल्या. विनिमय दर जागचा हलला नाही, पण घरासाठी मोठे कर्ज काढलेल्या कुटुंबांच्या घराची किंमत कर्जापेक्षा कमी झाली.

भारताचा या विषयाशी काही संबंध आला आहे का?

आला आहे, आणि तो उलट्या बाजूने. कुवेत, बहारीन, कतार आणि आजच्या संयुक्त अरब अमिरातीचा भाग असलेल्या संस्थानांत भारतीय रुपया हे रोजचे चलन होते. तिथून रुपये देऊन सोने भारतात चोरट्या मार्गाने येई आणि ते रुपये परकीय चलनात बदलून मागितले जात, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. ६ जून १९६६ रोजी भारताने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० केला, तो भारताच्या गरजेतून, आणि आखातातील रुपये वापरणाऱ्यांना त्यात काहीच बोलता येणार नव्हते. कतार आणि दुबईने त्याच वर्षी रुपया सोडला. दुसऱ्याचे चलन वापरणाऱ्याला काय सोसावे लागते याचे हे उदाहरण आहे, आणि त्यात निर्णय घेणारे आपण होतो.

डॉलरीकरणातून परत फिरता येते का?

इक्वेडोरचे रफाएल कोरेया हे अर्थशास्त्रज्ञ डॉलरीकरणाचे जुने टीकाकार होते. २००७ ते २०१७ या राष्ट्राध्यक्षपदाच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनीही ते रद्द केले नाही, कारण नवे चलन येणार अशी नुसती कुणकुण लागली असती तरी लोकांनी बँकांतून डॉलर काढून घेतले असते. त्यांच्या काळात मध्यवर्ती बँकेने डॉलरमध्ये मोजल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पैशाची योजना आणली. लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि ती गुंडाळावी लागली.

झिंबाब्वेने मात्र परत फिरून दाखवले. महागाईने स्वतःचे चलन निकामी केल्यावर २००९ मध्ये तिथे डॉलर आणि इतर परकीय चलने अधिकृत झाली आणि किमती स्थिरावल्या. पुढे सरकारची तूट वाढली तशी ती बँक खात्यांतील अशा डॉलर शिलकींनी भरली गेली, ज्यांच्यामागे खरे डॉलर नव्हते. बँकेच्या पासबुकात डॉलर दिसत, पण काउंटरवर नोटा मिळत नसत. नोव्हेंबर २०१६ मध्ये डॉलरच्या बरोबरीच्या म्हणून बाँड नोटा काढल्या गेल्या, बाजारात त्या कमी किमतीत जाऊ लागल्या, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ही बरोबरी अधिकृतपणे सोडून ज्यांच्या खात्यात डॉलर होते त्यांच्या शिलकी नव्या स्थानिक चलनात मोजल्या गेल्या. त्याच वर्षी महागाई पुन्हा शेकड्यांच्या टक्क्यांत गेली, जूनमध्ये देशांतर्गत व्यवहारांत डॉलर वापरण्यावर बंदी आली, आणि मार्च २०२० मध्ये तीच बंदी सैल करावी लागली.